गृहकर्जाचा दर बांधला कुणी आणि सोडला कुणी

घरासाठी कर्ज घेताना व्याजदर फिक्स्ड, म्हणजे बांधलेला, घ्यावा की फ्लोटिंग, म्हणजे बदलता, हा प्रश्न बहुतेकांना पडतो. उत्तर शोधताना लोक पुढच्या दोन-तीन वर्षांत व्याजदर कुठे जातील याचा अंदाज बांधू लागतात. पण हे दोन प्रकार अंदाज लढवण्यासाठी निघालेले नाहीत. दर हलला की कुणाचं तरी नुकसान होणार, ते कुणाच्या अंगावर पडावं याची ही दोन उत्तरं आहेत. हे नुकसान कर्जदाराकडून सावकाराकडे आणि सावकाराकडून पुन्हा कर्जदाराकडे कसं सरकलं, हे अमेरिकेच्या इतिहासात सर्वात स्वच्छ दिसतं.

१९२०च्या दशकातलं अमेरिकन गृहकर्ज आजच्या माणसाला ओळखूही येणार नाही. घराच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास रक्कम मिळायची, मुदत साधारण पाच-दहा वर्षांची. तोवर पुष्कळदा नुसतं व्याज भरायचं आणि शेवटी सगळं मुद्दल एकरकमी द्यायचं. एवढे पैसे कुणाकडेच नसत, म्हणून मुदत संपली की कर्जाचं नूतनीकरण व्हायचं, तेही त्या दिवशीच्या दराने. कागदावर दर ठरलेला असला तरी दर काही वर्षांनी तो बदलत होता, म्हणजे कर्ज अर्धंमुर्धं फ्लोटिंगच. महामंदीत बँकांनी नूतनीकरणालाच नकार दिला आणि हप्ता कधी न चुकवलेल्या माणसांचीही घरं लिलावात गेली.

१९३३ मध्ये सरकारने होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन ही संस्था काढली. तिने तीन वर्षांत सुमारे दहा लाख कर्जं आपल्याकडे घेतली आणि त्यांना नवा आकार दिला: ५ टक्के दर, १५ वर्षं मुदत आणि दरमहा समान हप्ता, ज्यात व्याजाबरोबर थोडं थोडं मुद्दलही फिटत जातं. पुढच्याच वर्षी फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशनने अशा कर्जांना विमा द्यायला सुरुवात केली. मुदत २० वर्षं झाली, मग हळूहळू ३० झाली. आपण ज्याला सरळसाधा गृहकर्जाचा हप्ता म्हणतो तो असा संकटातून आलेला आहे. कर्जदाराच्या अंगावरचा धोका उचलून सावकाराकडे ठेवला गेला, आणि पुढची तीस वर्षं तो धोका आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. दर जवळपास स्थिर होते ना!

ही कर्जं प्रामुख्याने देत होत्या ‘सेव्हिंग्ज अँड लोन’ नावाच्या संस्था. लोकांच्या बचत ठेवी घ्यायच्या आणि त्यातून घरांना कर्ज द्यायचं, एवढाच त्यांचा धंदा. ठेव आज मागितली तर आज द्यावी लागते आणि कर्ज तीस वर्षांनी परत येतं. त्यांच्याबद्दल एक विनोद चालायचा: तीन टक्क्यांनी ठेव घ्या, सहा टक्क्यांनी कर्ज द्या आणि दुपारी तीनला गोल्फ खेळायला जा. विनोदाची गंमत तिसऱ्या आकड्यात आहे, घोळ मात्र पहिल्या दोन आकड्यांमध्ये होता. दुसरा आकडा तीस वर्षांसाठी बांधलेला आणि पहिला मोकळा.

१९६५ मध्ये कुणी २०,००० डॉलर ६ टक्क्यांनी ३० वर्षांसाठी घेतले, असं धरू. महिन्याचा हप्ता सुमारे १२० डॉलर येतो. सोळा वर्षांनी, १९८१ मध्ये, त्याचं १३,६०० डॉलर मुद्दल बाकी असेल.

या सोळा वर्षांत बरंच काही झालं. सत्तरच्या दशकात महागाई चढत गेली आणि १९८० मध्ये १३ टक्क्यांवर पोचली. ठेवींवर किती व्याज द्यायचं याला सरकारी कमाल मर्यादा होती, बचत खात्यांसाठी साडेपाच टक्क्यांच्या आसपास. लोकांनी पैसे काढून नव्याने आलेल्या, बाजारातल्या दराने परतावा देणाऱ्या मनी मार्केट फंडांत टाकायला सुरुवात केली. ऑगस्ट १९७९ मध्ये पॉल व्होल्कर अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, फेडरल रिझर्व्हचे, अध्यक्ष झाले. महागाई मोडायची तर दर कुठपर्यंत जायचे तिथपर्यंत जाऊ द्यायचे, अशी भूमिका त्यांनी ऑक्टोबरमध्ये घेतली. १९८१ च्या ऑक्टोबरमध्ये नव्या ३० वर्षांच्या गृहकर्जाचा सरासरी दर १८ टक्क्यांच्या वर होता.

आता आपला कर्जदार पाहू. तो अजूनही १२० डॉलरच भरतो. संस्थेला मात्र ठेवीदार टिकवायला, बचत खात्याबाहेरच्या ठेवींवर, १२ टक्के द्यावे लागत असतील, तर १३,६०० डॉलरवर वर्षाला सुमारे ८०० डॉलर व्याज हाती येतं आणि १,६०० हून जास्त हातातून जातं. एका कर्जावर वर्षाला ८०० डॉलरचा खड्डा, आणि तोही कर्जदार एकही हप्ता न चुकवता नियमाने भरत असताना. हे कर्ज विकून टाकावं म्हटलं तर १५ टक्के परतावा मागणारा माणूस उरलेल्या १६८ हप्त्यांसाठी आज फक्त ८,४०० डॉलर देईल. वहीत १३,६००, बाजारात ८,४००. मधले ५,२०० डॉलर संस्थेच्या खिशातून कर्जदाराच्या खिशात गेले. फरक एवढाच की पैसे आले आहेत हे कर्जदाराला दिसत नाही.

देशभर हेच चाललं होतं. १९८१ आणि १९८२ या दोन वर्षांत या संस्थांचा एकत्रित तोटा ९ अब्ज डॉलरच्या घरात गेला. तोटा भरून काढण्यासाठी त्यांना धोक्याचे धंदे करायची मोकळीक देण्यात आली. त्यातून पुढे घोटाळे झाले आणि सगळं निस्तरायला करदात्यांचे १०० अब्ज डॉलरहून जास्त गेले. त्या घोटाळ्यांवर भरपूर लिहिलं गेलं आहे. मला मात्र वाटतं की खरी पडझड आधीच, एका साध्या सहा टक्क्यांच्या आकड्यामुळे झालेली होती.

म्हणून १९८१ मध्ये केंद्रीय परवान्याच्या सेव्हिंग्ज अँड लोन संस्थांना बदलत्या दराचं कर्ज देण्याची सर्रास परवानगी मिळाली. दर एखाद्या बाहेरच्या निर्देशांकाला बांधायचा, त्यावर ठरलेला फरक जोडायचा आणि ठराविक काळाने हप्ता नव्याने काढायचा. आपल्याच कर्जदाराचं कर्ज असं असतं तर? १३,६०० डॉलर, १६८ महिने, १५ टक्के दर. हप्ता १२० वरून १९४ डॉलर झाला असता.

इतका हप्ता एकदम वाढला तर लोक भरणार कसा, म्हणून काही कर्जांत हप्त्याच्या वाढीला मर्यादा घालण्यात आली. हा उपाय दिसायला दयाळू आहे. पण आपल्या उदाहरणात हप्ता १२० वरच ठेवला तर? १५ टक्क्यांनी महिन्याचं नुसतं व्याजच १७० डॉलर होतं. उरलेले ५० डॉलर दरमहा मुद्दलात जमा होत जातात. माणूस नियमाने हप्ता भरतोय आणि कर्ज वाढतंय. हप्ता बदलला नाही म्हणून काहीच झालं नाही, असं समजणाऱ्याने म्हणूनच खात्याच्या उताऱ्यावर हप्त्याऐवजी शिल्लक मुद्दल पाहावं. आपल्या कर्जदाराच्या बाबतीत ही रेषा साडेदहा टक्क्यांच्या जरा वर येते. दर त्याच्या वर गेला की १२० डॉलरचा हप्ता व्याजालाही पुरत नाही.

दर चढताना फिक्स्डवाला जिंकतो, हे इथवर झालं. दर उतरतात तेव्हा तो हरतो असं मात्र होत नाही, कारण अमेरिकेत तो जुनं कर्ज फेडून नव्या कमी दराने कर्ज घेऊ शकतो. दर उतरले की अशा पुनर्कर्जाच्या लाटा येतात. २०२०-२१ मध्ये दर ३ टक्क्यांखाली गेले तेव्हाही आली. म्हणजे सावकाराला दोन्हीकडून मार: दर वाढले तर कर्ज अंगाला चिकटून राहतं, उतरले तर निघून जातं. ही मोकळीक फुकट मिळत नाही, ती दरातच धरलेली असते. म्हणून सुरुवातीला फिक्स्डचा दर सहसा फ्लोटिंगपेक्षा जास्त असतो. जिथे मुदतीआधी फेडीवर मोठा दंड असतो तिथे दर उतरल्यावर फिक्स्डवाला खरोखर अडकतो. करारातलं हे एक कलम पाहिल्याशिवाय ‘फिक्स्ड’ या शब्दाला काही अर्थ नाही.

अपेक्षित बदल बहुधा दोन्ही दरांत आधीच मिसळलेला असतो. फिक्स्डचा दर ठरवणाऱ्यालाही पुढची वाढ दिसत असतेच. पैसे हात बदलतात ते कुणालाच न दिसलेल्या हालचालीत. १९६५ च्या ६ टक्क्यांत १९८० ची महागाई कुणी धरली नव्हती, म्हणून तेव्हाचा कर्जदार इतका सुटला.

पण सुटला म्हणजे त्या ५,२०० डॉलरचं त्याला काय करता आलं? घरात राहत असेल तर हप्ता कमी, एवढंच. घर विकायचं तर नवा खरेदीदार जुनं कर्ज त्याच दराने पुढे चालवू शकेल का, हा प्रश्न होता. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने असं हस्तांतरण अडवणारं कलम बँकांना सहजासहजी वापरता येणार नाही असा निकाल दिला, आणि स्वस्त कर्जासकट घर विकणं हा तिथे फायद्याचा व्यवहार झाला. १९८२ च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्याने बहुतेक ठिकाणी ते दार बंद केलं: घर विकलं की कर्ज फेडा.

डेन्मार्कमध्ये हे दार आजही उघडं आहे. कोपनहेगनला १७९५ मध्ये मोठी आग लागली, त्यानंतरच्या पुनर्बांधणीतून तिथली गृहकर्जाची पद्धत उभी राहिली. प्रत्येक कर्जामागे बाजारात विकले जाणारे रोखे असतात. दर वाढून रोख्यांची किंमत पडली की कर्जदार तेच रोखे बाजारभावाने विकत घेऊन आपलं कर्ज बंद करू शकतो. आपला माणूस डॅनिश असता तर १३,६०० डॉलरचं कर्ज त्याला ८,४०० मध्ये मिटवता आलं असतं. अर्थात त्यासाठी नवं कर्ज घ्यायचं तर ते चढ्या दराने मिळतं, पण मुद्दल तरी घटतं. २०२२ मध्ये दर चढले तेव्हा असंख्य डॅनिश घरमालकांनी नेमकं हेच केलं.

अमेरिकेत त्याच वर्षी उलटं झालं. ३ टक्क्यांचं कर्ज असलेल्या लोकांनी घरं विकणंच थांबवलं, कारण दुसरं घर घ्यायचं तर ते कर्ज सोडून ७ टक्क्यांचं घ्यावं लागत होतं. आणि १९८१ चा तोटा? तो यावेळी कर्जांच्या गठ्ठ्यांवर काढलेल्या रोख्यांमध्ये बसला होता. असे रोखे मोठ्या प्रमाणावर बाळगणारी सिलिकॉन व्हॅली बँक १० मार्च २०२३ रोजी बुडाली. ठेवीदार पैसे मागायला आले होते, आणि रोखे वहीतल्या भावाने विकले जात नव्हते.