एकाच X च्या दोन बाजू: इंडक्शन मोटरची गळती, पुलआउट टॉर्क आणि स्टार्टिंग करंट

ओळखीच्या एका पिठाच्या गिरणीतली 10 एचपीची मोटर जळली आणि रिवाइंड होऊन आली. कारागिराने जुन्या कॉइलमधले 36 टर्न बदलून 40 घातले होते आणि वायर थोडी बारीक घेतली होती. क्लॅम्प मीटर लावला तर आकडे छानच दिसत होते. रिकामी चालताना करंट आधीपेक्षा कमी होता आणि स्टार्टर दाबल्यावर दिवेही पूर्वीइतके मंद होत नव्हते. गिरणीवाले खूश होते. मग संध्याकाळी गावात ओढ वाढली, व्होल्टेज 415 वरून 260 वर उतरलं आणि दळण चालू असतानाच मोटर घुमायला लागून बसली. त्याआधी याच मोटरने अशा कित्येक संध्याकाळी रेटून काढल्या होत्या.

वाइंडिंग शॉर्ट नव्हतं आणि बेअरिंगही ठीक होतं. बदलला होता तो लीकेज रिअ‍ॅक्टन्स, म्हणजे गळणाऱ्या फ्लक्समुळे करंटला होणारा अडथळा. स्टार्टिंग करंट ज्याने कमी केला, त्यानेच मोटरची शेवटची ताकद, म्हणजे बसण्याआधी ती देऊ शकते तो सर्वांत मोठा पुलआउट टॉर्क, तीही काढून घेतली होती. हे दोन्ही एकाच दोरीला बांधलेले आहेत हे समजायला मोटर बनवणाऱ्यांना बराच काळ लागला.

इटलीतल्या तुरिनमध्ये गॅलिलिओ फेरारिस यांनी 1885 मध्ये फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार करून त्यात तांब्याचा पोकळ दंडगोल फिरवून दाखवला. 1888 मध्ये हे काम प्रसिद्ध करताना मात्र त्यांनी लिहिलं की या तत्त्वावर उद्योगाच्या कामाची मोटर होणार नाही. त्यांच्या हिशोबात स्लिप, म्हणजे फिरत्या क्षेत्राच्या वेगापेक्षा रोटर जितका मागे पडतो तो फरक, वाढेल तसा टॉर्क वाढत जातो, त्यामुळे जास्तीत जास्त शक्ती निम्म्या वेगाला मिळते. निम्मा वेग म्हणजे रोटरमध्ये निम्मी ऊर्जा उष्णता होऊन जाणार. गणित चूक नव्हतं, पण मोटर त्या बिंदूवर चालवायची हे गृहीत चुकीचं होतं. रोटरचा रेझिस्टन्स कमी ठेवला तर मोटर अगदी थोड्या स्लिपवर पूर्ण भार ओढते.

ही चूक बर्लिनच्या एईजी कंपनीतल्या मिखाइल दोलिव्हो-दोब्रोवोल्स्की यांच्या नजरेतून सुटली नाही. त्यांनी लोखंडी रोटरमध्ये जाड तांब्याचे बार बसवून त्यांची टोकं कड्यांनी जोडली. हाच आज घराघरात फिरणारा स्क्विरल केज रोटर. त्याच काळातल्या टेस्लांच्या सुरुवातीच्या मोटरमध्ये स्टेटरच्या सुट्या, पुढे आलेल्या पोलांवर कॉइल गुंडाळलेल्या असत. दोब्रोवोल्स्कींनी वाइंडिंग पूर्ण घेरावर स्लॉटमध्ये पसरवलं आणि स्टेटर-रोटरमधली एअर गॅप शक्य तितकी लहान केली. 1891 च्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनात लाउफेनहून 175 किलोमीटरवरून आलेल्या विजेवर त्यांची 100 एचपीची मोटर कृत्रिम धबधब्याचा पंप चालवत होती.

वाइंडिंग पसरवण्याला इतकं महत्त्व का, हे कळायला गळती म्हणजे नेमकं काय ते पाहावं लागतं. स्टेटरच्या करंटमुळे तयार झालेला सगळा फ्लक्स एअर गॅप ओलांडून रोटरला वेढत नाही. काही रेषा स्लॉटच्या आतच एका दाताकडून शेजारच्या दाताकडे जातात, काही दातांच्या टोकांवरून नागमोडी परततात आणि काही कॉइलच्या लोखंडाबाहेर आलेल्या वळणांभोवतीच फिरतात. रोटरच्या बारांचंही असंच होतं. हा फ्लक्स टॉर्क देत नाही, पण करंटच्या वाटेत रिअ‍ॅक्टन्स उभा करतो. स्लॉट खोल, अरुंद आणि तोंडाशी चिंचोळा असेल तर गळती जास्त. उघड्या तोंडाचा आणि उथळ असेल तर कमी. म्हणजे हा आकडा स्लॉटचं चित्र काढणाऱ्याच्या हातात असतो.

तो आकडा काय करतो हे आधी चित्रातून दिसलं. 1894 मध्ये अलेक्झांडर हेलँड यांनी जर्मन नियतकालिकात दाखवलं की भार बदलत गेला की मोटरच्या करंटचं टोक एका वर्तुळावरून सरकतं. स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीत काम केलेले बर्नार्ड बेहरेंड स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले. वर्तुळाचा व्यास म्हणजे व्होल्टेज भागिले एकूण लीकेज रिअ‍ॅक्टन्स. गळती वाढली की वर्तुळ लहान होतं. वर्तुळ लहान झालं की थांबलेल्या मोटरचा करंट कमी होतो, आणि टॉर्कची जी सर्वांत मोठी उंची त्या वर्तुळात मावते तीही तितकीच खाली येते. दोन्ही गोष्टी एकाच व्यासावर उभ्या आहेत, हे एका नजरेत दाखवणारं इतकं सुंदर चित्र विजेच्या यंत्रांमध्ये मला दुसरं माहीत नाही. बेहरेंड यांनी गळतीचा गुणांक एअर गॅप आणि पोल पिच, म्हणजे शेजारच्या दोन पोलांमधलं अंतर, यांच्या गुणोत्तराशी जोडणारं साधं सूत्रही दिलं, त्यामुळे मोटर बनवण्याआधीच अंदाज बांधता येऊ लागला. 1897 मध्ये अमेरिकेत चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी हेच समतुल्य सर्किटच्या भाषेत मांडलं. आज आपण वापरतो ती सूत्रं त्याच वाटेने आली:

```
I_start = V / sqrt((R1 + R2)^2 + X^2)
T_max   = 3 V^2 / (2 ws (R1 + sqrt(R1^2 + X^2)))
```

इथे V म्हणजे एका फेजचं व्होल्टेज, R1 स्टेटरचा आणि R2 स्टेटरच्या बाजूने पाहिलेला रोटरचा रेझिस्टन्स, X म्हणजे स्टेटर आणि रोटर दोघांचा मिळून लीकेज रिअ‍ॅक्टन्स आणि ws म्हणजे सिंक्रोनस वेग, रेडियन प्रति सेकंदात. दुसऱ्या सूत्रात R2 कुठेच नाही, हे थांबून पाहण्यासारखं आहे. रोटरचा रेझिस्टन्स पुलआउट टॉर्क कोणत्या वेगाला येईल ते ठरवतो, किती येईल ते नाही. ते X ठरवतो. आणि सूत्रात V वर्गात येतो, म्हणून व्होल्टेज उतरलं की ही ताकद झपाट्याने जाते.

आता गिरणीच्या मोटरला आकडे घालू. 7.5 किलोवॅट, 4 पोल, 415 व्होल्ट, वेग 1460. स्टारमध्ये बदलून फेजला 240 व्होल्ट धरले. अशा मोटरला शोभतील असे आकडे घेतो: R1 0.65 ओहम, R2 0.55 ओहम, X 2.8 ओहम. स्टार्टिंग करंट येतो 79 अँपिअर, म्हणजे पूर्ण भाराच्या सुमारे साडेपाच पट. पुलआउट टॉर्क 156 न्यूटन-मीटर. दळणाला लागतो 49. तिपटीहून जास्त हात राखून आहे.

36 चे 40 टर्न केले की X टर्नच्या वर्गाने वाढतो. 40 भागिले 36 चा वर्ग 1.235. स्टेटरच्या बाजूने पाहिलेला रोटरचा रेझिस्टन्सही तितकाच वाढतो, आणि बारीक वायरमुळे R1 सुद्धा. मग दोन्ही उत्तरांना सरळ 1.235 ने भागायचं. स्टार्टिंग करंट 64 अँपिअर झाला, हेच क्लॅम्प मीटरवर दिसलेलं सुख. पुलआउट टॉर्क 126 वर आला. पूर्ण व्होल्टेजला याचा पत्ताही लागत नाही, फक्त वेग दहा-बारा फेऱ्यांनी कमी होतो. पण 260 व्होल्टला टॉर्क 0.39 पट होतो. जुन्या मोटरकडे 61 उरला असता, नव्या वाइंडिंगकडे जेमतेम 50 उरला. एक घास जड पडला की मोटर बसणारच. पंपाला हे इतकं जाणवलं नसतं, कारण वेग उतरला की पंपाची मागणीही उतरते. जात्याखालचं दळण तसं करत नाही.

मग गळती होईल तितकी कमी का करू नये? दोब्रोवोल्स्कींच्या पुढच्या अडचणी नेमक्या तिथूनच सुरू झाल्या. कमी गळतीच्या आणि कमी रेझिस्टन्सच्या पिंजऱ्याची मोटर थेट लाइनला लावली की प्रचंड करंट ओढायची, आणि त्यातला बहुतेक करंट रिअ‍ॅक्टिव्ह असल्यामुळे सुरुवातीचा टॉर्क मात्र बेताचाच. लहान वीजघरांना हे झटके झेपत नव्हते. म्हणून मोठ्या मोटरसाठी स्लिप रिंग आणि बाहेरून जोडायचा रेझिस्टन्स आला. उपाय चांगला, पण कार्बन ब्रश आणि रिंग सांभाळायच्या म्हणजे पिंजऱ्याचा साधेपणा गेला.

यातून निघण्याची वाट गळतीनेच दिली. डबल केजची कल्पना दोब्रोवोल्स्कींनीही मांडली होती, पण तिला रूप आलं ते फ्रान्सच्या पॉल बुशरो यांच्या कामातून. रोटरमध्ये वर एक जास्त रेझिस्टन्सचा पिंजरा आणि खाली, लोखंडात खोल रुतलेला, कमी रेझिस्टन्सचा दुसरा. खालच्या पिंजऱ्याभोवती गळती मुद्दाम जास्त ठेवलेली असते. मोटर उभी असताना रोटरमध्ये पूर्ण 50 हर्ट्झ असतात, त्यामुळे खालच्या पिंजऱ्याचा रिअ‍ॅक्टन्स करंटला अडवतो आणि करंट वरच्या पिंजऱ्यातून जातो. मोटरने वेग घेतला की रोटरमधली फ्रिक्वेन्सी दीड हर्ट्झच्या आसपास येते, तिथे रिअ‍ॅक्टन्स नगण्य होतो आणि करंट खालच्या जाड तांब्यात उतरतो. स्लिप रिंगचं काम कोणी हात न लावता रोटर स्वतःच करतो. जी गळती इतकी वर्षं फक्त तोट्यात मांडली जात होती, ती इथे पहिल्यांदा कामाला लागली. आजच्या खोल बारांच्या रोटरमागेही हेच तत्त्व आहे. किंमत मोजावी लागतेच: खोल रुतलेल्या पिंजऱ्याची गळती चालताना पूर्ण जात नाही, म्हणून अशा मोटरचा पुलआउट टॉर्क आणि पॉवर फॅक्टर साध्या पिंजऱ्यापेक्षा थोडा कमी भरतो.

सूत्रात X एकच लिहिला असला तरी प्रत्यक्षात तो एक आकडा नसतो, हे मोटर तपासणाऱ्याला पक्कं माहीत हवं. सुरू होतानाच्या मोठ्या करंटने दातांची टोकं सॅच्युरेट होतात, गळतीची वाट अवघड होते आणि X घटतो. पुलआउटच्या बिंदूला करंट त्याहून कमी असतो, म्हणून तिथला X वेगळा. रोटर पकडून कमी व्होल्टेजला चाचणी घेतली आणि करंट नुसता प्रमाणात वाढवून पूर्ण व्होल्टेजला नेला, तर उत्तर खऱ्यापेक्षा कमी येतं. पूर्णपणे बंद रोटर स्लॉट असलेल्या मोटरमध्ये हा फरक जास्त दिसतो. दोन-तीन व्होल्टेजला वाचन घेऊन व्होल्टेज-करंट आलेख काढला की सॅच्युरेशन लगेच कळतं: रेषा सरळ न राहता करंटच्या बाजूला वाकते.

गिरणीच्या मोटरला एवढं करायची गरज पडली नाही. जुन्या जळलेल्या वाइंडिंगची एक कॉइल कारागिराकडे अजून पडून होती. ती उलगडून टर्न मोजले, 36 भरले, आणि तेवढेच टर्न मूळ गेजच्या वायरने पुन्हा घातले. रिकामा करंट वाढला, स्टार्टर दाबल्यावर दिवे पुन्हा मंद होऊ लागले, आणि संध्याकाळचं दळण सुरू राहिलं.