दोन्ही भिंती नऊ इंची, पण भार एकीवरच: भिंत पाडण्यापूर्वीचं पत्र

ताई,

स. न. वि. वि.

तुमच्या घराची पाहणी झाली, नकाशा पाहिला आणि दोन ठिकाणी प्लास्टर फोडून आतही पाहिलं. तुम्हाला दोन भिंती काढायच्या आहेत: हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली, आणि स्वयंपाकघर व कोठीची खोली यांच्यामधली. दोन्ही काढता येतील. फक्त कोठीची भिंत नुसती काढली तरी चालेल. हॉलची भिंत मात्र तिच्या जागी बीम बसल्याशिवाय काढायची नाही, आणि तीही अख्खी नाही, 10 फुटांपुरतीच.

तुमच्या कंत्राटदारांचं म्हणणं आहे की दोन्ही भिंती नऊ इंची आहेत, म्हणजे दोन्ही लोड-बेअरिंग, किंवा मग दोन्ही नाहीत. जाडीवरून असा निकाल लावता येत नाही. नऊ इंची भिंत नुसता आडोसा असू शकते आणि साडेचार इंची भिंतीवर कुणीतरी स्लॅब टेकवलेला असू शकतो. ठोकून आवाज ऐकण्याचाही उपयोग नाही; भरीव वीट दोन्हीकडे सारखीच वाजते. भिंतीच्या डोक्यावर काय टेकलं आहे आणि पायाखाली काय आहे, हे बघावं लागतं.

हॉलच्या भिंतीचं वरचं टोक उघडलं तेव्हा स्लॅबचं काँक्रीट थेट विटेवर ओतलेलं दिसलं. सिमेंटचं पाणी विटांच्या सांध्यांत उतरलेलं होतं. म्हणजे आधी भिंत उभी राहिली आणि मग तिच्यावर स्लॅब पडला. पहिल्या मजल्यावर बरोबर तिच्याच रेषेत दुसरी नऊ इंची भिंत आहे आणि तिच्यावर गच्चीचा स्लॅब. स्लॅबच्या मुख्य सळया हॉलकडून स्वयंपाकघराकडे, या भिंतीला ओलांडून जातात, हे सळई शोधणाऱ्या यंत्राने तपासलं. घरात काँक्रीटचे कॉलम कुठेच नाहीत. म्हणजे घराचा हा सगळा मधला भाग या भिंतीवरच उभा आहे.

कोठीच्या भिंतीचं टोक वेगळंच निघालं. स्लॅबची खालची बाजू गुळगुळीत, तिच्यावर सेंट्रिंगच्या प्लेटचा ठसा अजून शाबूत, आणि भिंतीच्या शेवटच्या थरावर विटेचे तुकडे व मसाला दाबून भरलेली अर्धा-पाऊण इंचाची फट. स्लॅब झाल्यावर मागाहून बांधलेल्या भिंतीचीच ही खूण. खाली खणलं तर पाया नाहीच, भिंत जुन्या फरशीवर उभी आहे. वरच्या मजल्यावर तिच्या डोक्यावर मोकळी खोली आहे आणि मुख्य सळया तिला समांतर धावतात. ती नऊ इंची का बांधली? तिच्यातले कोनाडे पाहता, सामान मावेल इतके ते खोल हवेत म्हणून असावी.

आता हॉलच्या भिंतीवर नेमकं किती वजन आहे ते बघू. पाच इंची स्लॅबचं स्वतःचं वजन चौरस फुटाला साधारण 29 किलो. फरशी, माणसं आणि सामान धरून ते 57 किलोपर्यंत जातं. हॉल 12 फूट रुंद, स्वयंपाकघर 10 फूट. दोन्हीकडचा अर्धा-अर्धा भाग या भिंतीवर येतो, म्हणजे 11 फुटांची पट्टी. एका स्लॅबचे झाले दर रनिंग फुटाला सुमारे 625 किलो. पहिल्या मजल्याचा आणि गच्चीचा असे दोन स्लॅब, आणि वरच्या भिंतीचे आणखी 430. बेरीज जवळपास 1,680 किलो. तुम्हाला हवी असलेली 10 फुटांची मोकळी जागा म्हणजे डोक्यावर 17 टन.

“बीमशिवाय काढली तर काय होईल?” असं तुम्ही विचारलंत. ही भिंत म्हणजे स्लॅबचा मधला टेकू आहे. टेकूवरून जाणारा स्लॅब तिथे वरच्या अंगाला ताणला जातो, म्हणून तिथली मुख्य सळई वरच्या बाजूला टाकलेली असते. टेकू काढला की दोन लहान गाळ्यांचा एक 22 फुटांचा गाळा होतो. गाळा दुप्पट झाला की वाकवणारा जोर चौपट होतो. शिवाय ताण आता बरोबर त्याच ठिकाणी खालच्या अंगाला येतो, जिथे सळई जेमतेम आहे. त्यातच वरची भिंत आणि गच्चीचं वजन नेमकं त्याच रेषेवर बसलेलं आहे.

अशी भिंत काढूनही घर लगेच कोसळलं नाही, हे लोक अनुभवाने सांगतात आणि ते खरंही असतं. वरच्या भिंतीच्या विटा काही काळ कमानीसारखं वजन बाजूला ढकलतात, आणि स्लॅबवर हिशोबात धरलेलं पूर्ण वजन रोज नसतं. पण काँक्रीट सततच्या ताणाखाली महिनोन्महिने वाकत जातं. वरचं दार घासू लागतं, कोपऱ्यातून पायरी-पायरीची तिरकी भेग वर चढते, स्लॅबच्या खालून भिंतीला समांतर सरळ भेग उघडते. तोवर नवं प्लास्टर आणि रंग होऊन गेलेला असतो, म्हणून भिंत काढण्याशी त्याचा संबंध कुणाला सुचत नाही. या कारणासाठी मी या भिंतीबद्दल अजिबात तडजोड करणार नाही.

म्हणून बीम. माझ्या हिशोबात 250 मिमी खोलीचे दोन लोखंडी चॅनेल, पाठीला पाठ लावून, बोल्टने एकमेकांना बांधलेले. ताकदीला याहून थोडे हलकेही पुरले असते, पण मी बाक पाहून निवडले आहेत. वर वीटकाम असल्यामुळे बीम पाच मिलिमीटरच्या आत वाकला पाहिजे, नाहीतर बीम मजबूत राहतो आणि वरच्या भिंतीला मात्र भेगा पडतात. हा आकार तुमच्या घरापुरता आहे, दुसऱ्या कुणाला देऊ नका.

बहुतेक लोकांचं लक्ष बीमवर असतं. मला जास्त काळजी त्याच्या दोन टोकांची वाटते. भिंतभर पसरलेले 17 टन आता दोन ठिकाणी उतरणार, प्रत्येकी साडेआठ टन. बीमचं टोक नऊ इंच बाय नऊ इंच विटेवर नुसतं टेकवलं तर विटेवर चौरस सेंटिमीटरला सुमारे 16 किलो दाब येतो. तुमचं जुनं वीटकाम तेवढं सोसणार नाही. विटा टोकाखाली भरडल्या जातील. म्हणून प्रत्येक टोकाखाली भिंतीच्या पूर्ण जाडीचा, 2 फूट लांब, सळई टाकलेला काँक्रीटचा बेड ब्लॉक हवा. त्याने दाब 6 किलोच्या आसपास येतो.

आणि त्याखाली पाया. तुमच्या आराखड्यात बाहेरच्या भिंतीलगत फक्त 3 फूट भिंत उरत होती. आधी तिच्या दर फुटावर पावणेदोन टन यायचे (खालच्या भिंतीचं स्वतःचं वजन सोडून). आता साडेचार टन येतील. पायाखालची माती इतका फरक एकदम घेत नाही, ती खचते, आणि एकच बाजू खचली की भेग ठरलेली. तिथे 5 फूट भिंत ठेवली तर आकडा 3.4 टनांवर येतो. म्हणून मोकळी जागा 2 फूट आतल्या बाजूला सरकवा, अशी माझी विनंती आहे. तरीही पाया दुप्पट वजन घेणार आहे, तेव्हा काम सुरू करण्याआधी तिथे खड्डा घेऊन पायाची रुंदी आणि खालची माती मला पाहू द्या. पाया अरुंद निघाला तर रुंद करावा लागेल किंवा टोकाखाली स्वतंत्र पाया देऊन कॉलम उभा करावा लागेल. भूकंपाचा आडवा हेलकावाही याच भिंती सोसतात, हे दुसरं कारण अख्खी भिंत न काढण्याचं.

कामाचा क्रम असा असेल. आधी भिंतीच्या दोन्ही बाजूंना, दोन-अडीच फूट अंतर सोडून, स्लॅबखाली टेकूंच्या रांगा. वरच्या मजल्यावरही गच्चीच्या स्लॅबखाली त्याच रेषेत टेकू, नाहीतर गच्चीचं वजन वरच्या भिंतीवरूनच येत राहील. टेकू फरशीवर उभे करायचे नाहीत. फरशी काढून, घट्ट जमिनीवर जाड फळ्या टाकून त्यांच्यावर. मग बेड ब्लॉक ओतायचे आणि निदान सात दिवस पाणी मारून पिकू द्यायचे. त्यानंतर स्लॅबखाली, भिंतीच्या एका बाजूने, चॅनेल बसेल एवढी खाच काढायची, पहिला चॅनेल बसवायचा, त्याच्या डोक्यावर लोखंडी पाचरी ठोकून न आकसणारा ग्राउट दाबून भरायचा. तो कडक झाला की दुसऱ्या बाजूने दुसरा. दोन्ही बसून बोल्ट आवळल्यावरच खालच्या विटा उतरवायच्या, वरून खाली, छिन्नी-हातोड्याने. ब्रेकर लावू देऊ नका. टेकू एका दिवसात सगळे काढायचे नाहीत, एकाआड एक सैल करत जायचं.

डोक्यावरची फट नीट भरली नाही तर बीम नुसता शोभेला राहतो. स्लॅब तेवढा खाली बसल्यावरच त्याच्यावर टेकतो. म्हणून ग्राउट भरताना मी स्वतः हजर राहीन. वरच्या मजल्यावर ज्या दोन जुन्या भेगा आहेत, त्यांवर काचेची पातळ पट्टी चिकटवून तारीख लिहून ठेवा. काम चालू असताना पट्टी तडकली, किंवा टेकूच्या फळ्या जमिनीत रुतताना दिसल्या, तर काम थांबवून मला फोन करा.

कोठीच्या भिंतीला यातलं काही लागत नाही, तरी एक गोष्ट पाळा. इतक्या वर्षांत स्लॅब थोडा वाकून तिच्यावर टेकला असण्याची शक्यता आहे. म्हणून आधी वरची मसाल्याची फट पूर्ण लांबीत खरवडून मोकळी करा आणि दोन दिवस थांबा. फट तशीच राहिली, स्लॅबला नवी भेग आली नाही, की वरच्या थरापासून विटा उतरवायला घ्या. खालून पाडू नका, भिंत अंगावर येते. कोनाड्याजवळून वीज आणि पाण्याची लाइन गेली आहे, ती आधी बंद करून घ्या. आणि हॉलच्या भिंतीचे टेकू लागलेले असताना ही भिंत काढू नका. एका वेळी एकच काम.

बांधकाम खात्याच्या परवानगीसाठी लागणारा नकाशा आणि हिशोब मी सहीनिशी देईन. परवानगी हातात आल्यावर आणि पायाचा खड्डा पाहिल्यावरच चॅनेल कापायला सांगा, कारण कॉलम द्यावा लागला तर त्यांची लांबी बदलेल.

कळावे.