स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या पेशी : किती काढल्या जातात, किती गप्प बसवल्या जातात?

गोष्ट सुरू होते ती एका गाईपासून. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये गर्न्सी जातीच्या एका गाईला जुळी वासरे झाली. एकाचा बाप गर्न्सी वळू होता आणि दुसऱ्याचा, त्याच सुमारास कुंपण ओलांडून आलेला हिअरफर्ड. त्यांचे रक्त तपासणीसाठी विस्कॉन्सिन विद्यापीठात आले. तिथे रे ओवेन यांना दिसले की दोन्ही वासरांच्या रक्तात दोन्ही बापांच्या खुणा असलेल्या तांबड्या पेशी होत्या. गाईच्या पोटात जुळ्यांची वार बहुतेक वेळा एकमेकींना जोडली जाते आणि रक्त इकडून तिकडे वाहते, हे आधीच माहीत होते. पण तांबडी पेशी काही महिन्यांत मरते, आणि ही सरमिसळ तर मोठ्या जनावरांतही टिकून होती. म्हणजे भावंडाच्या रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशीच या वासरांत रुजल्या होत्या. १९४५मध्ये ओवेन यांनी हे छापले. परक्या पेशी आयुष्यभर अंगात होत्या, तरी शरीराने त्यांच्यावर हल्ला केला नव्हता.

ऑस्ट्रेलियातल्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी यातून नेमका अर्थ काढला. ‘आपले’ काय हे जन्मतः ठरलेले नसते, ते वाढीच्या काळात शिकले जाते. गर्भात असताना जे समोर येते ते आपले. १९५३मध्ये लंडनमध्ये बिलिंगहॅम, ब्रेंट आणि मेडावार यांनी उंदरांच्या गर्भांना दुसऱ्या वाणाच्या पेशी टोचल्या, आणि त्यातले काही उंदीर मोठेपणी त्या वाणाच्या कातडीचे कलम बिनतक्रार सांभाळू लागले. त्यानंतर बर्नेट यांनी मांडले की शरीराचे रक्षण करणाऱ्या प्रत्येक लिम्फोसाइट पेशीवर एकाच प्रकारचा ग्राहक, म्हणजे समोरचा रेणू पकडणारा भाग असतो, आणि स्वतःच्या घटकांना चिकटणाऱ्या पेशी वाढीतच नष्ट होतात. कल्पना देखणी होती, पण अशी पेशी नष्ट होताना कुणी पाहिली नव्हती. पुढची तीस वर्षे हा फक्त तर्कच राहिला.

अडचण अशी की टी पेशींचे, म्हणजे थायमस ग्रंथीत घडणाऱ्या लिम्फोसाइटचे, ग्राहक कोट्यवधी प्रकारचे. त्यातला एखादा नाहीसा झाला हे मोजायचे कसे? १९८७मध्ये डेन्व्हरमध्ये जॉन कॅपलर आणि फिलिपा मारॅक यांना वाट सापडली. उंदरांतल्या टी पेशींच्या एका अख्ख्या गटाच्या ग्राहकात व्ही-बीटा १७ए नावाचा भाग असतो, आणि हा गट आय-ई नावाच्या प्रथिनाला चिकटण्याकडे झुकलेला असतो. काही वाणांत आय-ई असते, काहींत नसते. या भागाला ओळखणारी अँटीबॉडी त्यांच्या हाताशी होती, त्यामुळे पेशी सरळ मोजता येत होत्या. ज्या उंदरांत आय-ई नव्हते, त्यांच्या टी पेशींत हा गट शंभरात दहाच्या आसपास भरला. ज्यांच्यात होते, त्यांच्या पक्क्या टी पेशींत तो जवळजवळ नव्हताच. पण त्याच उंदरांच्या थायमस ग्रंथीत, अजून कच्च्या असलेल्या पेशींत, तो होता. म्हणजे पेशी तयार होत होत्या आणि पिकण्याआधी थायमसमध्येच संपत होत्या. एकाच प्राण्याच्या कच्च्या आणि पक्क्या पेशी शेजारी ठेवून दिलेला हा पुरावा मला या सगळ्या इतिहासात सर्वांत स्वच्छ वाटतो.

मग पुढचा प्रश्न आला. थायमस छातीत, हृदयाच्या वर. इन्सुलिन तयार होते स्वादुपिंडात, आणि काही प्रथिने फक्त डोळ्याच्या पडद्यात. त्यांच्याविरुद्धच्या टी पेशी थायमसमध्ये कशा ओळखल्या जाणार? उत्तर मिळाले एका दुर्मीळ आनुवंशिक आजारातून. फिनलंडमध्ये तुलनेने जास्त आढळणाऱ्या या आजारात मुलांना तोंडात वारंवार बुरशी येते, मग पॅराथायरॉइड आणि अ‍ॅड्रेनल ग्रंथी निकामी होतात. १९९७मध्ये त्यामागचे ‘एअर’ हे जनुक सापडले. २००२मध्ये मॅथिस आणि बेन्वा यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की हे जनुक थायमसच्या आतल्या भागातल्या पेशींना शरीरभरची प्रथिने थोडी थोडी बनवायला लावते. इन्सुलिनही त्यात आले. थायमस जणू सगळ्या अवयवांची वानगी मांडून ठेवतो, आणि त्या वानगीला घट्ट चिकटणारी कच्ची पेशी मरते.

ही वानगी किती नेमकी लागते, हे २००६च्या एका प्रयोगाने दाखवले. डोळ्याच्या पडद्यात आयआरबीपी नावाचे एक प्रथिन असते. संशोधकांनी फक्त हे एक प्रथिन बनवू न शकणारा थायमस, स्वतःचा थायमस नसलेल्या उंदरांत बसवला. एअर जनुक शाबूत होते, बाकीची हजारो प्रथिने जागेवर होती. तरी त्या उंदरांच्या डोळ्यांवर त्यांच्याच टी पेशींनी हल्ला केला.

अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशी हे लिम्फोसाइटच; त्यांचे शिक्षण अस्थिमज्जेत होते. तिथे चुकीच्या पेशीला आधी ग्राहक बदलून पाहायची संधी मिळते. क्रिस गुडनाऊ यांनी १९८८मध्ये सिडनीत आणखी एक मार्ग दाखवला. कोंबडीच्या अंड्यातले लायसोझाइम उंदराच्या रक्तात जन्मापासून फिरत ठेवले, तर त्याच्याविरुद्धच्या बी पेशी नाहीशा झाल्या नाहीत. त्या जिवंत होत्या, पण उत्तर देत नव्हत्या.

थायमसची निवड मात्र पुरी पडत नाही, याची खूण फार आधीच मिळाली होती. १९६९मध्ये जपानात निशिझुका आणि साकाकुरा यांनी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदरांचा थायमस काढला आणि त्यांची अंडाशये नष्ट झाली. सातव्या दिवशी काढला तर असे काही होत नव्हते. टी पेशी घडतातही थायमसमध्येच; त्यामुळे तो फक्त वाईट पेशी मारत असता, तर तो काढल्यावर नव्या टी पेशीच थांबून हल्लेखोर कमी व्हायला हवे होते. शिमोन साकागुची यांनी हे कोडे धरून ठेवले, तेही अशा काळात जेव्हा ‘दमन करणाऱ्या पेशीं’च्या कल्पनेवरचा बहुतेकांचा विश्वास उडाला होता. अशा उंदराला निरोगी उंदराच्या पक्क्या टी पेशी दिल्या की आजार टळत होता. म्हणजे त्यांच्यात कुणीतरी राखणदार होते. १९९५मध्ये त्यांनी ते वेगळे काढले : सीडी-४ टी पेशींपैकी सीडी-२५ ही खूण असलेल्या थोड्या पेशी. त्या वगळून उरलेल्या पेशी थायमस नसलेल्या उंदरांत टोचल्या तर अनेक अवयवांवर हल्ला व्हायचा, परत मिसळल्या तर थांबायचा. हे राखणदारही थायमसमध्येच घडतात, पण बाहेर पडतात जरा उशिरा, म्हणून तो तिसरा दिवस.

२००१मध्ये मेरी ब्रंकाऊ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी ‘स्कर्फी’ उंदरांचा दोष शोधला. या वाणाचे नर काही आठवड्यांतच मरत. दोष होता एक्स गुणसूत्रावरच्या फॉक्सपी-३ जनुकात. हेच जनुक बिघडलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच मधुमेह, सततचे जुलाब आणि इसब होतो. दोनच वर्षांत कळले की साकागुचींच्या राखणदार पेशी याच जनुकावर उभ्या असतात. २०२५चे वैद्यकशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले.

मग थायमस नेमके किती काढतो? २०१५मध्ये मार्क डेव्हिस यांच्या गटाने हे माणसांतच मोजले. काही प्रथिने वाय गुणसूत्रावरून येतात, म्हणून ती फक्त पुरुषांत असतात. स्त्रीसाठी ती परकी, पुरुषासाठी स्वतःची. बर्नेट यांच्या हिशेबाने पुरुषांच्या रक्तात त्यांच्याविरुद्धच्या टी पेशी सापडायलाच नकोत. त्या सापडल्या, स्त्रियांच्या सुमारे एक तृतीयांश. फरक एवढाच की पुरुषांतल्या या पेशींना जागे करणे फार अवघड होते.