जाताना साडेआठ तास, येताना पावणेअठरा?

गेल्या महिन्यात आमच्या पाचपाखाडीतल्या शेजारच्या काकू तिकिटाची प्रिंट घेऊन आल्या. मुलाकडे लंडनला निघाल्या होत्या, दुबईत विमान बदलून. "अहो, जाताना साडेआठ तास आणि येताना पावणेअठरा? येतानाचं विमान फिरवून आणतात की काय?" तिकीट काढून देणाऱ्यानेही त्यांना "हो, येताना जास्त लागतात" असं बेधडक सांगून टाकलं होतं. याचा मला खरोखर राग येतो. रोज तिकिटं काढणाऱ्या माणसाला एवढं ठाऊक असायलाच हवं.

काकूंनी केलं ते आपण सगळेच करतो. ठाण्याहून पुण्याची गाडी सकाळी सातला सुटून दहाला पोचली, तर प्रवास तीन तासांचा. दहातून सात वजा. जन्मभर हेच केलेलं असतं आणि ते बरोबरही असतं, कारण ठाण्याचं आणि पुण्याचं घड्याळ एकच. विमानाच्या तिकिटावर मात्र निघण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची छापतात. दोन वेगळ्या घड्याळांवरचे आकडे सरळ वजा केले, की मिळतो तो फक्त छापलेल्या आकड्यांतला फरक. प्रवासाला लागलेला वेळ ही निराळी गोष्ट आहे.

काकूंच्या तिकिटावर जातानाच्या वेळा अशा होत्या:

```
BOM 04:30 → DXB 06:10
DXB 08:30 → LHR 13:00
```

साडेचारला निघून एकला पोचायचं, म्हणून साडेआठ तास. पण 04:30 मुंबईचे आहेत आणि 13:00 लंडनचे. लंडन उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, म्हणजे तिथे दुपारचा एक वाजतो तेव्हा ठाण्यात संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. पहाटे साडेचार ते संध्याकाळी साडेपाच हे झाले तेरा तास.

आता परतीचं बघा:

```
LHR 14:20 → DXB 00:15 +1
DXB 03:30 → BOM 08:05
```

दुपारी दोन वीस ते दुसऱ्या दिवशी सकाळी आठ पाच, सरळ वजाबाकीने पावणेअठरा तास. पण लंडनमध्ये दोन वीस होतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सहा पन्नास वाजलेले असतात. तिथून सकाळी आठ पाचपर्यंत सव्वातेरा तास. जाताना तेरा, येताना सव्वातेरा. पश्चिमेला जाताना घड्याळातला फरक प्रवासाला आखडून दाखवतो आणि पूर्वेकडे येताना तेवढाच ताणून दाखवतो, म्हणून काकूंना दोन्हींत सव्वानऊ तासांची तफावत दिसली.

हे समजावताना बरेच जण "पश्चिमेला जाताना मिळवा, पूर्वेला येताना वजा करा" असा नियम देतात. नियम खरा आहे, पण मला तो मुळीच आवडत नाही. ऐन वेळी मिळवायचं की वजा करायचं इथेच माणूस अडखळतो, आणि मध्ये दुबई आली की दोनदा अडखळतो. त्यापेक्षा तिकिटावरच्या प्रत्येक वेळेखाली पेन्सिलीने भारतातली वेळ लिहा. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणून 06:10 च्या खाली 07:40 आणि 08:30 च्या खाली 10:00. लंडनच्या 13:00 खाली 17:30. सगळ्या वेळा एकाच घड्याळात आल्या, आता हवी तिथे पुण्याच्या गाडीसारखी वजाबाकी करा. मुंबई ते दुबई तीन तास दहा मिनिटं, दुबईत थांबा दोन तास वीस मिनिटं, दुबई ते लंडन साडेसात तास. बेरीज तेराच येते. तशी आली नाही, तर कुठेतरी चुकलंय हे लगेच कळतं.

दुबईतल्या थांब्याच्या दोन्ही वेळा दुबईच्याच असतात, त्यामुळे तिथे सरळ वजाबाकी चालते. टाइम झोनचा नियम नव्याने शिकलेली माणसं थांब्यातही दीड तास मिळवून मोकळी होतात, तेवढं करू नका. आणि +1 म्हणजे तिथल्या कॅलेंडरप्रमाणे पोचण्याची तारीख एकने पुढची, इतकंच. चोवीस तासांहून जास्त लागतात असा त्याचा अर्थ नाही. परतीत लंडन ते दुबई सहा तास पंचावन्न मिनिटांचाच प्रवास आहे, पण वाटेत मध्यरात्र उलटते म्हणून +1.

खरी गोची वेगळीच आहे, आणि ती हिशेब येणाऱ्यालाही फसवते. लंडनचा फरक वर्षभर साडेचार तास राहत नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे सरकवतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे घेतात. 2026 मध्ये तो ऑक्टोबरचा रविवार 25 तारखेला येतो. त्यानंतर फरक साडेपाच तासांचा. भारत आणि दुबई घड्याळ हलवत नाहीत, त्यामुळे आपल्या ते लक्षातच येत नाही. त्या रविवारच्या आधी जाऊन नोव्हेंबरात परतणाऱ्याने जाताना साडेचार आणि येताना साडेपाच धरायला हवेत, तेही एकाच तिकिटावर. समजा नोव्हेंबरात तेच विमान लंडनहून 14:20 ला निघून मुंबईला 09:05 ला पोचतंय. साडेपाचने भारतातली वेळ येते 19:50 आणि प्रवास सव्वातेरा तास. जुन्या सवयीने साडेचार धरलेत तर सव्वाचौदा येतील. तुमचं उत्तर आणि काही तिकिटांवर छापलेला असतो तो एकूण वेळ यांत बरोब्बर एक तासाचा फरक पडला, तर आधी प्रवासाची तारीख बघा. फोनमध्ये लंडनची वेळ बघून आज दिसणारा फरक तीन महिन्यांनंतरच्या तिकिटाला लावणं ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. अमेरिकेचे घड्याळ बदलण्याचे रविवार आणखी वेगळे: मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला.

काकूंना हा हिशेब हवा होता तो गोळीसाठी. सकाळी आठ आणि रात्री आठ, दर बारा तासांनी. मुलाच्या घरी पोचेपर्यंत भारतातल्या वेळेनेच घ्या, असं त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. साडेआठ तासांच्या हिशेबाने त्या म्हणत होत्या, सकाळची एक गोळी जवळ ठेवते, एकला पोचले की जेवून आरामात रात्री आठला दुसरी घेईन, बाकीची पट्टी वाटेत लागतेय कशाला, मोठ्या बॅगेत टाकते. पेन्सिलीच्या आकड्यांवरून चित्र पालटलं. आपले सकाळचे आठ म्हणजे दुबईचे साडेसहा, तेव्हा त्या विमानतळावर थांबलेल्या असणार. आपले रात्रीचे आठ म्हणजे लंडनचे दुपारचे साडेतीन. तिकिटावरचा एक हा विमान जागेवर येऊन थांबण्याचा असतो, पुढे इमिग्रेशनची रांग, मग सामान, मग मुलाच्या घरापर्यंतचा रस्ता. साडेतीनला त्या गाडीत असण्याची शक्यता जास्त.

गोळ्यांची पट्टी पर्समध्ये गेली. तिकिटाच्या प्रिंटवर दुबईच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "६:३० – गोळी", आणि लंडनच्या खाली, "३:३० – गोळी, पाणी जवळ ठेवणे".