प्रतिसादाचा टक्का आणि बायस: एक वाढला म्हणून दुसरा घटत नाही

घरोघरच्या पाहणीचं काम संपलं की कार्यालयात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "रिस्पॉन्स किती मिळाला?" ऐंशी टक्के म्हटलं की सगळे निश्चिंत होतात, पन्नास म्हटलं की पाहणीच वाया गेल्यासारखे चेहरे होतात. बरीच वर्षं प्रगणकांच्या मागे फिरून भरलेली पत्रकं तपासल्यावर मला ठामपणे वाटतं, की या एका प्रश्नात आपण दोन वेगळ्या गोष्टी एक करून टाकतो.

पहिली गोष्ट म्हणजे प्रतिसादाचा टक्का. निवडलेल्या घरांपैकी किती घरांनी माहिती दिली, एवढंच तो सांगतो. भागाकार केला की हातात येतो. दुसरी गोष्ट म्हणजे नॉन-रिस्पॉन्समुळे येणारा बायस: माहिती न देणारी घरं देणाऱ्यांपेक्षा वेगळी असल्यामुळे आपलं उत्तर खऱ्या आकड्यापासून एकाच बाजूला किती सरकलं. हा असा थेट मोजता येत नाही, कारण त्यासाठी लागणारी अर्धी माहिती बंद दाराआड राहिलेली असते.

दोघांचं नातं एका साध्या गुणाकारात आहे. माहिती न देणाऱ्यांचा वाटा किती, आणि देणारे व न देणारे यांच्यात त्या प्रश्नापुरता फरक किती, यांचा गुणाकार म्हणजे बायस. टक्का फक्त पहिली संख्या सांगतो. दुसरी शून्य असेल तर निम्मी घरं बंद राहिली तरी बिघडत नाही. ती मोठी असेल तर थोडी घरं सुटली तरी आकडा हलतो.

एक कल्पित वॉर्ड घेऊ. १००० घरं निवडली आहेत, त्यातली ६०० चाळी आणि वस्तीतली, ४०० टॉवरमधली. चाळ-वस्तीत ५४० घरांनी माहिती दिली. तिथे दार उघडं असतं, घरात कोणी नसेल तर शेजारीण सांगते, "ताई, सहा वाजता या, तोवर ती कामावरून येते." टॉवरमध्ये फक्त १२० घरं मिळाली. तिथे प्रगणकाची गाठ आधी गेटवरच्या वॉचमनशी पडते. तो रजिस्टर पुढे करतो, नाव, वेळ आणि फ्लॅट नंबर लिहून घेतो, इंटरकॉम लावतो. दोनदा वाजून कोणी उचलत नाही किंवा "आत्ता नको" असं उत्तर येतं. दार दिसण्याआधीच भेट संपते.

एकूण ६६० घरं, म्हणजे टक्का ६६. प्रश्न आहे, घरी चारचाकी आहे का? चाळ-वस्तीतल्या ५४० पैकी २७ घरांनी हो म्हटलं, टॉवरमधल्या १२० पैकी ७२ घरांनी. सरळ बेरीज केली तर ६६० पैकी ९९, म्हणजे १५ टक्के घरांत गाडी.

आता बंद दारांमागचं आपल्याला माहीत आहे असं धरू. चाळ-वस्तीतली सुटलेली ६० घरं तिथल्या इतरांसारखीच आहेत, त्यांपैकी तिघांकडे गाडी आहे. टॉवरमधली सुटलेली २८० घरं मात्र तिथल्या उत्तर देणाऱ्यांपेक्षाही जास्त कामात आणि जास्त पैशात आहेत, त्यांपैकी ८० टक्के, म्हणजे २२४ घरांकडे गाडी आहे. मग १००० पैकी एकूण ३२६ घरांत गाडी निघते. खरा आकडा ३२.६ टक्के आणि आपण सांगितला १५.

त्याच पत्रकात दुसरा प्रश्न असता, कुटुंबप्रमुख डावखुरा आहे का, तर त्याचं उत्तर जवळपास बरोबर आलं असतं. डावखुरेपणाचा टॉवरशी, गेटशी किंवा इंटरकॉमशी काही संबंध नाही. म्हणजे पाहणी तीच, टक्का तोच ६६, पण एका प्रश्नाचं उत्तर निम्म्यापेक्षा खाली आणि दुसऱ्याचं ठीक. म्हणूनच टक्का संपूर्ण पाहणीचा असतो आणि बायस एकेका प्रश्नाचा असतो. रॉबर्ट ग्रोव्ह्ज आणि एमिलिया पेयचेवा यांनी २००८ साली ५९ अभ्यास एकत्र करून हेच तपासलं. प्रतिसादाचा टक्का आणि बायस यांचा संबंध त्यांना कमकुवत आढळला, आणि एकाच पाहणीतल्या निरनिराळ्या प्रश्नांमध्ये बायस बराच कमीजास्त दिसला.

आता कार्यालयातून निरोप येतो, "टक्का वाढवा, आणखी साठ घरं आणा." प्रगणकाला रोज ठरावीक घरं पूर्ण करायची असतात, त्यामुळे तो जाणार कुठे हे उघड आहे. चाळीतली उरलेली ६० घरं तो दोन दिवसांत पूर्ण करतो. आता ७२० घरं, टक्का ७२. गाडीवाली घरं ३० आणि ७२ मिळून १०२, म्हणजे १४.२ टक्के. टक्का सहाने वाढला आणि उत्तर खऱ्या आकड्यापासून आणखी दूर गेलं. तीच ६० घरं टॉवरमधल्या सुटलेल्यांतून आणली असती तर त्यात साधारण ४८ गाड्या मिळाल्या असत्या आणि सरळ बेरीज २०.४ टक्क्यांवर आली असती. टक्का दोन्हीकडे ७२च. अहवालाच्या पहिल्या पानावर या दोन पाहण्या अगदी सारख्या दिसतील.

तेव्हा प्रतिसाद वाढवायचा असेल तर तो जिथे कमी आहे तिथे वाढवायला हवा. त्यासाठी भेटींचं पत्रक नीट भरलेलं लागतं: कोणत्या घरी, कोणत्या दिवशी, किती वाजता गेलो आणि काय झालं. ते वाचलं की कारणं वेगळी करता येतात. सकाळी अकराच्या तीन भेटी आणि तिन्ही वेळा घर बंद, हा नकार नव्हे. तिथे संध्याकाळी साडेसातला किंवा रविवारी सकाळी जायला हवं. नवरा-बायको दोघंही नोकरीला जाणाऱ्या घरी चौथी भेटही अकरालाच दिली तर तिचा काही उपयोग नाही. सरळ नकार आला असेल तर काही दिवस थांबून दुसरा, जरा अनुभवी माणूस पाठवावा. टॉवरसाठी सर्वांत उपयोगी पडतं ते आठवडाभर आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला दिलेलं शिक्क्याचं पत्र आणि त्याची प्रत नोटीस बोर्डावर. ते पत्र नसेल तर वॉचमन आत सोडत नाही, आणि त्यात त्याची काही चूक नसते. परदेशात पत्रासोबत छोटी रक्कम आधीच देतात. नंतर देण्याच्या वचनापेक्षा आधी दिलेले पैसे जास्त लागू पडतात, हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे.

सगळ्या बंद घरांमागे धावायला वेळ आणि पैसे पुरत नाहीत. त्यावर मॉरिस हॅन्सन आणि विल्यम हर्विट्झ यांनी १९४६ मध्ये एक तोड सुचवली, जी मला आजही सर्वांत प्रामाणिक वाटते. सुटलेल्यांमधून चिठ्ठ्या टाकून थोडी घरं निवडायची, सगळी ताकद त्यांच्यावर लावायची, आणि मिळालेल्या उत्तरांना सगळ्या सुटलेल्यांचं प्रतिनिधित्व द्यायचं. आपल्या वॉर्डात २८० पैकी ४० निवडून ती खरोखर मिळवली, तर प्रत्येक घर सात घरांच्या वतीने बोलेल.

इथे बदली घराबद्दल बोलायला हवं. आपल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत निवडलेलं घर मिळालं नाही तर दुसरं घेण्याची सोय आहे. पत्रकात मूळ घराला एक सांकेतांक, बदली घराला दुसरा, आणि बदली का घेतलं याचंही कारण नोंदवतात: माणूस कामात होता, घरचे बाहेरगावी होते, सहकार्य केलं नाही. ठरलेली संख्या भरते, पण बदली म्हणून येतं ते सापडणारं घर. कधीही न सापडणाऱ्या घराची जागा ते भरत नाही. म्हणून मी पूर्ण भरलेल्या पाहणीतही हा बदलीचा रकाना आधी मोजतो.

उरतं ते वेटिंग, म्हणजे मिळालेल्या घरांना कमीजास्त वजन देणं. वॉर्डातल्या मूळच्या ६६० घरांवर ते लावून पाहू. चाळ-वस्तीत ६०० पैकी ५४० मिळाली, म्हणून तिथल्या प्रत्येक घराचं वजन ६०० भागिले ५४०, म्हणजे १.११. टॉवरमध्ये ४०० भागिले १२०, म्हणजे ३.३३. आता २७ गाड्यांच्या होतात ३० आणि ७२ च्या होतात २४०. एकूण २७०, म्हणजे २७ टक्के. एकही नवं दार न ठोठावता पंधरावरून सत्तावीस. फायदा मोठा आहे आणि तो घ्यायलाच हवा.

पण खरा आकडा ३२.६ आहे. उरलेला फरक वेटिंगला भरता येत नाही, कारण ते असं गृहीत धरतं की टॉवरमधली सुटलेली घरं टॉवरमधल्या मिळालेल्यांसारखीच आहेत. गटांमधला फरक वजनाने सुधारतो, गटाच्या आतला तसाच राहतो. टॉवरमधली ती आणखी ६० घरं आणून मग वजन दिलं असतं, तर उत्तर साधारण २९.७ वर आलं असतं. फिल्डवरचे कष्ट आणि वेटिंग एकमेकांना पर्याय नाहीत, हे इथे दिसतं.

वजनाची किंमतही मोजावी लागते. १२० घरांवर तिप्पट भार टाकला की उत्तर जास्त डळमळतं. वजनांच्या बेरजेचा वर्ग भागिले वजनांच्या वर्गांची बेरीज, हा संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांचा हिशेब केला तर इथे ५०० येतात. हातात ६६० पत्रकं असली तरी अचूकता ५०० घरांएवढीच धरायची.

शिवाय वजन देण्यासाठी गट असे हवेत, ज्यांची माहिती बंद घरांबद्दलही आपल्याकडे आहे. ती येते घरांची यादी करतानाच्या नोंदींतून. २०२२-२३ च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीत शहरी घरांची यादी करतानाच चारचाकी आहे का आणि कितीची, हे नोंदवून त्यावरून गट पाडले होते. अशी नोंद असेल तर मुलाखत न दिलेल्या घराबद्दलही थोडंफार कळलेलं असतं. जनगणनेच्या बेरजांशी वजनं जुळवण्याची दुसरी वाट आहे, पण आपली झालेली शेवटची जनगणना २०११ ची आणि पुढची २०२७ ची. मधल्या काळात जिथे शेतं जाऊन टॉवर उभे राहिले, तिथे २०११ च्या बेरजेशी जुळवलेलं वजन टॉवरला कमीच लेखणार.

बायस उरला आहे का, हे पाहायला मी एक तक्ता करतो. पहिल्या भेटीत मिळालेली घरं एका रांगेत, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतली दुसऱ्या रांगेत, चौथ्या भेटीपासून पुढची तिसऱ्या रांगेत, आणि प्रत्येक रांगेत गाडीची टक्केवारी, तीही चाळ आणि टॉवरसाठी वेगवेगळी. टॉवरच्या स्तंभात आकडा ५२, ६१, ७० असा चढत गेला, तर पुढे कधीच न मिळालेल्यांचा आकडा बहुधा ७० च्याही वर आहे असं धरावं आणि अहवालात तसं लिहावं. रांगा सपाट असतील, तर त्या प्रश्नापुरती ६६ टक्क्यांची काळजी बरीच कमी होते.