'कंपोझिट' लिहिलं होतं, तरीही

१९५० सालची अमेरिका. मेरीलँड राज्यातून सिनेटवर जाण्यासाठी मिलर्ड टायडिंग्ज पुन्हा उभे होते. त्याच वर्षी त्यांच्या समितीने सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांचे 'सरकारात कम्युनिस्ट भरलेत' हे आरोप तपासून खोटे ठरवले होते. मॅकार्थींच्या माणसांनी विरोधी उमेदवार जॉन मार्शल बटलर यांना मदत केली आणि मतदानाच्या तोंडावर चार पानी पत्रिका घरोघर पोचली. तिच्यात टायडिंग्ज आणि कम्युनिस्ट पक्षाचे माजी नेते अर्ल ब्राउडर अगदी जवळ उभे होते. ब्राउडर बोलताहेत, टायडिंग्ज कान देऊन ऐकताहेत.

असा क्षण कधी आलाच नव्हता. टायडिंग्ज यांचा फोटो १९३८ सालचा होता, रेडिओवर निवडणुकीचे निकाल ऐकतानाचा. त्याला ब्राउडरांचा वेगळा फोटो जोडला, मधली रेघ पुसली, झालं.

गंमत अशी, की लबाडी लपवलीच नव्हती. खालच्या ओळींमध्ये 'कंपोझिट' म्हणजे जोडलेलं चित्र, असं छापलं होतं. ब्राउडरांनी समितीपुढे साक्ष दिली हेही खरं होतं. पण साक्षीदार आणि समितीचा अध्यक्ष समोरासमोर बसणं वेगळं आणि डोक्याला डोकं लावून कुजबुजणं वेगळं. मजकूर पहिल्याबद्दल होता, चित्र दुसरं सांगत होतं. पत्रिका चाळणारा माणूस चित्र पाहतो आणि पान उलटतो. खालच्या बारीक अक्षरांपर्यंत कोण जातं?

टायडिंग्ज सुमारे ४३ हजार मतांनी हरले. एका फोटोनेच हरवलं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, मॅकार्थींचा जोर तेव्हा एकूणच होता. पण सिनेटच्या उपसमितीने १९५१ मध्ये चौकशी केली आणि या प्रचाराची मागच्या गल्लीतला, तिरस्करणीय प्रचार अशी संभावना केली. बटलर यांची जागा मात्र शाबूत राहिली.

२००४ मध्ये हाच डाव परतला. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केरी आणि व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारी अभिनेत्री जेन फोंडा एकाच व्यासपीठावर दाखवणारं चित्र फिरलं. केरी १९७१ च्या एका सभेतले, फोंडा १९७२ च्या दुसऱ्या. या वेळी तर लेबलही नव्हतं. मूळ फोटोग्राफर पुढे आले म्हणून ते उघड झालं.

आपल्याकडे निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये एआयने बनवलेल्या किंवा बदललेल्या प्रचारचित्रांवर दिसणाऱ्या भागाच्या किमान १० टक्के जागेत लेबल लावायला सांगितलं. बारीक अक्षरांची पळवाट त्याने बुजते. पण मेरीलँडच्या त्या पानावर एवढं मोठं लेबल असतं, तरी दोन डोकी तितकीच जवळ दिसली असती. म्हणून न घडलेला प्रसंग दाखवण्यावर वेगळी बंदी लागते. बनावट ध्वनिचित्रं लक्षात आणून दिल्यावर ३ तासांत काढावीत, असं आयोगाने पक्षांना मे २०२४ मध्येच बजावलं होतं.