कंत्राटदाराच्या बिलावरील टीडीएस

कंत्राटदाराला कामाचे पैसे देताना त्यातून कापून सरकारजमा करायचा प्राप्तिकर. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ही तरतूद कलम १९४सी मध्ये होती. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या २०२५ च्या कायद्यात ती कलम ३९३ मध्ये गेली.

दर ठरतो तो पैसे घेणाऱ्यावरून. व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर १ टक्का, भागीदारी संस्था किंवा कंपनी असेल तर २ टक्के. बिलाच्या माथ्यावरचे नाव इथे फसवते. ‘अँड सन्स’ लिहिले म्हणून ती भागीदारी होत नाही. पॅनचे चौथे अक्षर पाहावे: पी म्हणजे व्यक्ती, एच म्हणजे कुटुंब, एफ म्हणजे भागीदारी, सी म्हणजे कंपनी. पॅनच दिला नाही, तर २० टक्के कापावे लागतात.

एकच बिल ३०,००० रुपयांच्या वर गेले, किंवा आर्थिक वर्षातली एकूण रक्कम १ लाखाच्या वर गेली, की कपात सुरू होते. चुका बहुतेक या दुसऱ्या मर्यादेतच होतात. नागपुरातल्या हिंगणा एमआयडीसीतली एक खाजगी कंपनी धरा. तिचा रंगकाम करणारा कंत्राटदार एकटाच धंदा करतो, पॅनवर पी आहे, जीएसटी नोंदणी नाही. २०२५-२६ मध्ये त्याची बिले आली: एप्रिलमध्ये २५,०००, जूनमध्ये २८,०००, ऑगस्टमध्ये २९,००० आणि दिवाळीच्या रंगरंगोटीचे १६ ऑक्टोबरला २८,०००. एकही बिल ३०,००० ओलांडत नाही, म्हणून तिसऱ्या बिलापर्यंत कपात नाही. चौथ्याला बेरीज १,१०,००० होते. आता कर फक्त वरच्या १०,००० वर किंवा चौथ्या बिलावर नाही, सगळ्या १,१०,००० वर: १,१०० रुपये. ते चौथ्या बिलातून वळते होतात आणि कंत्राटदाराच्या हाती २६,९०० पडतात. हे त्याला आधीच समजावून सांगावे, नाहीतर २८० ऐवजी १,१०० का कापले म्हणून तो वाद घालणारच, आणि त्याचे चूक नाही. (बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल, तर त्या रकमेवर टीडीएस लागत नाही.)

तारीख मोजताना बिल वहीत कंत्राटदाराच्या खात्याला जमा केल्याचा दिवस आणि पैसे दिल्याचा दिवस, यांतला आधीचा धरतात. वरच्या उदाहरणात बिल १६ ऑक्टोबरलाच वहीत चढले, त्याच दिवशी कपात झाली आणि पैसे १२ नोव्हेंबरला दिले. तरीही कर भरायची मुदत पुढच्या महिन्याची ७ तारीख, म्हणजे ७ नोव्हेंबर. फक्त मार्चमधल्या कपातीला ३० एप्रिलपर्यंत सवड असते. पैसे देतानाच चलन भरू म्हणत १२ नोव्हेंबरची वाट पाहिली, की दरमहा दीड टक्का व्याज लागते, तेही कपातीच्या दिवसापासून. प्राप्तिकर खात्याची टीडीएससाठीची ट्रेसेस प्रणाली ऑक्टोबर आणि नोव्हेंबर असे दोन पूर्ण महिने धरते: १,१०० वर ३३ रुपये. रक्कम किरकोळ आहे, पण ती भरली नाही तर तिमाही विवरणपत्रावर थकबाकीची नोटीस येते.